वाशीचा व्ही, वाशिमचा डब्ल्यू

नवी मुंबईतल्या वाशीचं नाव इंग्रजीत व्ही अक्षराने सुरू होतं आणि विदर्भातल्या वाशिमचं डब्ल्यूने. विरार आणि वसईला व्ही, वडाळ्याला डब्ल्यू. वरळी, वर्धा, वाई या तिघांनाही डब्ल्यू. आडनावांतही तोच प्रकार: वैद्य व्हीने लिहितात, वाघ बहुतेक वेळा डब्ल्यूने. मराठीत ही सगळी नावं एकाच 'व'ने सुरू होतात. वाशीचा 'वा' आणि वाशिमचा 'वा' म्हणताना आपल्या तोंडात काडीचाही फरक होत नाही. मग इंग्रजीत लिहिताना एकाच ध्वनीच्या वाट्याला दोन अक्षरं कशी आली?

याचं उत्तर 'व' तोंडात कसा घडतो यात आहे. आयईएलटीएस, ओईटी यांसारख्या परीक्षांच्या तयारीत इंग्रजी बोलताना मराठी मुलामुलींना ज्या दोन उच्चारांबद्दल पुन्हा पुन्हा टोकलं जातं, त्यातल्या एकाचं मूळही तिथेच आहे. तो म्हणजे व्ही आणि डब्ल्यूचा गोंधळ. दुसरा उच्चार टी-एचचा, म्हणजे 'थिंक'मधला आणि 'दिस'मधला. क्लासमध्ये या दोन्हींची नावं एका दमात घेतली जातात आणि सरावाचा बराचसा वेळ टी-एचवर खर्च होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. तो का उलटा आहे, हे दोन्ही ध्वनी कसे तयार होतात ते पाहिल्याशिवाय पटणार नाही.

दोन्हींच्या मधला 'व'

इंग्रजी व्हीचा ध्वनी काढताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलकेच टेकतात. दात आणि ओठ यांच्यामधल्या बारीक फटीतून हवा घासत बाहेर पडते आणि त्याच वेळी गळ्यात आवाज चालू असतो. त्यामुळे एक गुणगुण ऐकू येते आणि ओठाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. हवं तर हा ध्वनी पाच सेकंद लांबवता येतो.

डब्ल्यूच्या ध्वनीत दातांचा काही संबंध नाही. गरम चहावर फुंकर घालताना होतात तसे दोन्ही ओठ पुढे येऊन गोल होतात, जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो आणि तिथून तोंड झटकन पुढच्या स्वराकडे उघडतं. खरं तर तो एक अगदी आखूड 'ऊ'च आहे. त्यात हवा कुठेही घासत नाही.

आता आपला 'व'. आरशासमोर उभं राहून 'वीस', 'वेळ', 'वारा' असे शब्द नेहमीच्या गतीने म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण घासण्याइतका टेकत नाही. ओठ पुढे येऊन गोलही होत नाहीत. संस्कृत परंपरेने 'व'ला दंतोष्ठ्य म्हटलं, कारण तो दात आणि ओठ यांच्या जवळिकीतून होतो. आपल्या शालेय व्याकरणात तो य, र, ल यांच्यासोबत अर्धस्वरांत बसतो, कारण त्यात हवा न अडता, न घासता वाहते. दोन्ही वर्णनं बरोबर आहेत. जागा व्हीची आणि वाहणं डब्ल्यूचं, अशी या ध्वनीची घडण आहे.

मराठीला या ध्वनीने कधी अडचण झाली नाही, कारण मराठीत त्याच्या शेजारी दुसरा स्पर्धक नाही. इंग्रजीत मात्र त्याच्या एका बाजूला व्ही आहे, दुसऱ्या बाजूला डब्ल्यू, आणि दोघांमुळे शब्दांचे अर्थ बदलतात. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बंडी. वेट म्हणजे ओलं आणि व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर. वर्स म्हणजे आणखी वाईट आणि व्हर्स म्हणजे पद्य.

इथे एक गमतीची गोष्ट घडते. एका शिक्षकाने सांगितलेलं असतं की तू डब्ल्यूच्या जागी व्ही म्हणतोस. दुसरा सांगतो, व्हीच्या जागी डब्ल्यू म्हणतोस. विद्यार्थ्याला वाटतं, आपण दोन्ही ध्वनींची अदलाबदल करतोय. प्रत्यक्षात तो दोन्ही वेळा एकच ध्वनी काढत असतो. ऐकणाऱ्याला संदर्भावरून व्ही अपेक्षित असेल तर त्याचा कान घासण्याची खूण शोधतो. ती मिळाली नाही की त्याला डब्ल्यू ऐकू आल्यासारखं वाटतं. डब्ल्यू अपेक्षित असेल तर तो ओठांच्या गोलाईची खूण शोधतो, आणि ती मिळाली नाही की त्याला व्ही वाटतो. आपल्या 'व'मध्ये दोन्ही खुणा नसल्यामुळे तो दर वेळी चुकीच्याच बाजूला पडतो. वाशी आणि वाशिम यांना दोन अक्षरं मिळाली तीही याच मधल्या जागेमुळे. हा ध्वनी रोमन लिपीत उतरवायला कुठलंच अक्षर पुरतं जुळत नाही आणि दोन्ही थोडी थोडी जुळतात.

आपापसात इंग्रजी बोलताना हे जाणवत नाही. अंधेरी वेस्टला जायचंय असं सांगितल्यावर रिक्षावाल्याला बंडी आठवत नाही. शिवाय त्याचाही 'व' तोच आहे. म्हणजे या बाबतीत चुकीची जाणीव करून देणारा माणूस आसपास नसतो, आणि पंचवीस वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसालाही ही गोष्ट पहिल्यांदा परीक्षेच्या तयारीत कळते.

ऐकणाऱ्याचा कान

उच्चाराचा प्रश्न जिभेच्या जडपणाचा असतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण आधी कानाकडे पाहायला हवं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या बाळांवर केलेला एक अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हे दोन वेगळे ध्वनी आहेत हे कळत होतं. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना ते कळेनासं झालं. इंग्रजीत 'त' आणि 'ट' असा भेद नाही, म्हणून बाळाचा कान तो भेद सोडून देतो आणि घरात लागणारे भेद पक्के करतो.

हा अभ्यास आपल्या दोन्ही प्रश्नांना लागू पडतो. 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' आपल्याला इतके वेगळे वाटतात की कुणाला ते सारखे कसे वाटू शकतात हेच कळत नाही. इंग्रजी कानाला ते सारखे वाटतात. याच्या उलट, व्ही आणि डब्ल्यू त्यांना ढळढळीत वेगळे वाटतात आणि आपल्या कानाला दोन्ही 'व'च. म्हणून शिक्षकाने नुसतं 'माझ्यामागून म्हणा' असं सांगून काम होत नाही. विद्यार्थी मागून म्हणतो ते त्याला जे ऐकू आलं तेच, आणि त्याला ऐकू आलेला असतो 'व'.

मोठेपणीही कान पुन्हा घडवता येतो. इंग्रजीतले 'र' आणि 'ल' ओळखू न येणाऱ्या जपानी प्रौढांना अमेरिकेत असं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात त्यांची ओळख सुधारली. त्यातला महत्त्वाचा भाग असा की त्यांना एकाच माणसाचा आवाज न ऐकवता अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात तेच शब्द ऐकवले होते. एकाच शिक्षकाच्या तोंडून ऐकत राहिलं तर आपण त्या शिक्षकाची लकब शिकतो आणि ध्वनीतला भेद हाती लागत नाही. बाई, बुवा, लहान, मोठे, वेगवेगळ्या देशांतले लोक ऐकले तर त्या सगळ्यांत समान काय आहे हे कान हळूहळू वेगळं काढतो.

'व्ह'ची सोय आणि 'व्ह'ची अडचण

मराठी माणसाकडे या बाबतीत एक असं साधन आहे जे हिंदी बोलणाऱ्याकडे नाही. हिंदीत टीवी, वीडियो, विटामिन असं लिहितात. मराठीत आपण टीव्ही, व्हिडिओ, व्हिटॅमिन, युनिव्हर्सिटी असं लिहितो आणि दुसरीकडे वर्ल्ड, विंडो, वॉटर. म्हणजे व्हीसाठी 'व्ह' आणि डब्ल्यूसाठी 'व' हा संकेत आपल्या लिपीत आधीच रुळलेला आहे. कोणत्या शब्दात कोणता ध्वनी, हे मराठी विद्यार्थ्याला डोळ्यांनी माहीत असतं. निम्मं काम त्यामुळे झालेलं आहे.

उरलेल्या निम्म्यात एक खाच आहे. आपल्या तोंडात 'व्ह' म्हणजे 'केव्हा', 'नव्हता', 'व्हावं' यांतला ध्वनी, म्हणजे तोच सैल 'व' आणि त्याच्यावर 'ह'चा श्वास. तो 'व'पेक्षा वेगळा आहे हे खरं, पण त्याचा वेगळेपणा श्वासात आहे. इंग्रजी कानाला मात्र हवं असतं दात आणि ओठांमधलं घर्षण. त्यामुळे मराठी विद्यार्थी 'व्हेरी' म्हणताना मनापासून फरक करतो, त्याला स्वतःला तो ऐकूही येतो, आणि समोरच्यापर्यंत तो पोचत नाही. हा अनुभव फार खच्ची करणारा असतो, कारण मेहनत खरी असते आणि ती चुकीच्या ठिकाणी पडत असते. उपाय असा की लिहिताना 'व्ह'चा संकेत ठेवावा आणि बोलताना त्यातला 'ह' टाकून देऊन त्या जागी दात टेकवावेत.

इंग्रजी स्पेलिंगही इथे बरंच प्रामाणिक आहे. व्ही अक्षर दिसलं की ध्वनी व्हीचाच. डब्ल्यू शब्दाच्या सुरुवातीला स्वरापूर्वी आला की जवळजवळ नेहमी डब्ल्यूचाच, 'हू'सारखे मोजके शब्द सोडून. लक्षात ठेवायचे अपवाद थोडे आहेत. 'वन' म्हणजे एक, यात अक्षर नाही पण ध्वनी डब्ल्यूचा आहे. 'क्वीन', 'क्विक', 'लँग्वेज' यांतही तसंच. आणि 'चा, ची, चे' या अर्थाचा 'ऑफ', ज्यात अक्षर एफ असलं तरी ध्वनी व्हीचा आहे. तो शब्द प्रत्येक वाक्यात येतो, म्हणून तो 'ऑव्ह' असा मुद्दाम बसवून घ्यावा.

तोंडात नेमकं काय करायचं

व्हीची सुरुवात 'फ'पासून करणं सोपं जातं. आज बरेच मराठी लोक 'फॅन', 'फोन' म्हणताना दात ओठावर टेकवून हवा सोडतातच. तसा 'फ' लांबवा, हवा घासत राहू द्या आणि दात-ओठ अजिबात न हलवता गळ्यातून आवाज चालू करा. गळ्यावर बोट ठेवलं तर आवाज सुरू झाल्याचं थरथरण्यावरून कळतं. जो ध्वनी निघतो तो व्ही. तो दोन सेकंद धरून मग पुढचा स्वर म्हणायचा: व्ह–ऽ–एरी. काही दिवस असं मुद्दाम लांबवल्यावर आखूड करायचा. दात टेकताच सुटले तर पुन्हा आपला 'व' येतो, म्हणून सुरुवातीला लांबवणं टाळू नये.

डब्ल्यूसाठी मराठीतच एक आयतं उदाहरण आहे. 'ओठ', 'ओळख', 'ओला' हे शब्द बोलीत 'वोठ', 'वोळख', 'वोला' असे ऐकू येतात. त्या सुरुवातीच्या 'वो'मध्ये ओठ खरोखर गोल झालेले असतात. तेच ओठ घेऊन 'ऊ' म्हणा आणि लगेच पुढचा स्वर जोडा: ऊ–एस्ट, ऊ–इंटर, ऊ–ऑटर. हळूहळू 'ऊ' इतका आखूड करा की तो वेगळा ऐकू येणार नाही, पण ओठ मात्र पुढे येतच राहिले पाहिजेत. याच सवयीची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. 'ओन्ली' आणि 'ओल्ड' यांच्या पुढे नकळत 'व' चिकटून 'वोन्ली', 'वोल्ड' होतं, ते काढायचं.

या दोन ध्वनींचा मोठा फायदा असा की ते दिसतात. कान तयार झालेला नसला तरी डोळ्यांना चूक पकडता येते. त्यामुळे सरावाचा जोडीदार मराठीच असला तरी चालतो. त्याने ऐकण्याऐवजी ओठांकडे पाहायचं. एकट्याने करायचं असेल तर फोनवर चेहऱ्याचं चित्रीकरण करून आवाज बंद ठेवून पाहावं.

> चौकट: आरशात ओळखायच्या खुणा
>
> व्ही: वरच्या दातांची कड खालच्या ओठावर दिसते. ध्वनी लांबवता येतो. ओठाला गुदगुल्या होतात.
>
> डब्ल्यू: दात दिसत नाहीत. दोन्ही ओठ पुढे येऊन गोल होतात आणि लगेच उघडतात.
>
> मराठी व: ओठ गोल नाहीत, दात टेकलेले नाहीत, चेहरा जवळजवळ हललेला नाही.
>
> टी-एच: जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद लागलेलं दिसतं. हवा थांबत नाही.

एक वाक्य उलगडून

सुटे शब्द दोन-तीन दिवसांत जमतात. अडतं ते वाक्यात, कारण तिथे तोंडाला एका ध्वनीवरून दुसऱ्यावर पटापट जावं लागतं. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या भागात एक विषय दिला जातो, एक मिनिट विचाराला मिळतं आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. समजा, विषय आहे आवडती जागा, आणि साताऱ्याकडची एक मुलगी असं वाक्य म्हणते: 'वी लिव्ह इन अ व्हिलेज इन द वेस्ट ऑव्ह महाराष्ट्रा, अँड एव्हरी नोव्हेंबर वी व्हिजिट द रिव्हर.'

या एका वाक्यात दहा ठिकाणी हा प्रश्न येतो. 'वी' दोनदा आणि 'वेस्ट' एकदा, हे तीन डब्ल्यू. 'लिव्ह', 'व्हिलेज', 'ऑव्ह', 'एव्हरी', 'नोव्हेंबर', 'व्हिजिट' आणि 'रिव्हर' हे सात व्ही. सगळीकडे मराठी 'व' वापरला तरी बहुतेक शब्द कळतील, कारण 'नोव्हेंबर'ला जवळचा दुसरा शब्दच नाही. पण ऐकणाऱ्याला दहा वेळा किंचित थबकावं लागतं, आणि 'वेस्ट' आणि 'ऑव्ह' हे शेजारी आल्यावर 'पश्चिम' हा शब्द निसटायची शक्यता वाढते.

आता तिने सराव केला आहे असं धरू. पहिल्या आठवड्यात दिसणारी चूक ठरलेली आहे. ती सगळीकडे दात टेकवू लागते आणि 'वी'चाही व्ही होतो, कारण नवीन शिकलेली हालचाल माणूस सढळ हाताने वापरतो. ही चूक म्हणजे प्रगतीचीच खूण आहे, पण तिच्यावर तिथेच थांबू नये. सरावाची चांगली रीत अशी: वाक्य कागदावर लिहायचं, डब्ल्यूच्या जागी एक रंग, व्हीच्या जागी दुसरा. आधी फक्त जोड्या म्हणायच्या, 'वी लिव्ह', 'वी व्हिजिट', 'वेस्ट ऑव्ह'. यात ओठ गोल होऊन उघडतात आणि मग दात टेकतात, हा बदलच खरा शिकायचा आहे. 'ट्वेल्व्ह', म्हणजे बारा, हा शब्द एकट्यानेच ही कसरत करवून घेतो. जोड्या बसल्या की पूर्ण वाक्य हळू म्हणायचं, मग नेहमीच्या गतीने, आणि शेवटी कागद बाजूला ठेवून त्याच मजकुराचं दुसरं वाक्य आपल्या मनाने रचून. पाठ केलेल्या वाक्यात जमलेला उच्चार आयत्या वेळी रचलेल्या वाक्यात टिकतो की नाही, हीच खरी कसोटी आहे.

टी-एचची गोष्ट वेगळी आहे

टी-एचचे दोन ध्वनी आहेत. 'थिंक', 'थ्री', 'मंथ' यांत गळ्याचा आवाज नसतो. 'दिस', 'देअर', 'ब्रदर' यांत असतो. दोन्हींत जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला अलगद लागतं आणि हवा तिथून सरकत राहते. आपण पहिल्यासाठी 'थ' वापरतो आणि दुसऱ्यासाठी 'द'. जागा जवळजवळ तीच आहे. फरक इतकाच की 'थ' आणि 'द' म्हणताना जीभ दातांना पूर्ण चिकटते, हवा अडते आणि मग फुटून बाहेर येते. म्हणून 'स' लांबवता येतो तसा 'थ' लांबवता येत नाही. इंग्रजीतला टी-एच लांबवता येतो.

मराठी माणसाने इथे भेद बुजवलेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. आपण 'थिन' आणि 'टिन' वेगळे म्हणतो, 'देन' आणि 'डेन' वेगळे म्हणतो. भारतातल्या ऐकणाऱ्याला ते वेगळेच कळतात. गोंधळ होतो तो इंग्रजी कानाजवळ, आणि तो 'थ'मध्ये जास्त होतो. त्याचं कारण आपल्या 'थ'मधला हवेचा झोत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'थ' म्हटलं तर ती उडते. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा टी म्हणतो तेव्हाही पट्टी अशीच उडते, कारण त्यांच्या टीमध्येही झोत असतो. टी-एच म्हणताना मात्र पट्टीला तसा झटका बसत नाही. म्हणजे जीभ दाताला आहे की टाळूला, हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला आपला 'थ' त्यांच्या टीसारखा वाटतो. आपलं 'थ्री' त्यांना 'ट्री' ऐकू येतं, 'थॉट'चं 'टॉट', आणि 'बोथ'चं 'बोट'. आयर्लंडमधल्या बऱ्याच लोकांच्या इंग्रजीतही टी-एचच्या जागी जीभ दातांना चिकटवूनच ध्वनी काढतात, आणि त्यांच्याही 'थ्री'बद्दल हेच सांगितलं जातं. त्यांची मातृभाषा इंग्रजीच आहे.

'द'चं तसं नाही. 'द', 'दॅट', 'दिस', 'देअर' हे शब्द इतके नेहमीचे आहेत आणि वाक्यात त्यांची जागा इतकी ठरलेली आहे की त्यांच्याऐवजी दुसरा शब्द ऐकू येण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मराठी 'द' तिथे पुरतो, 'ड' मात्र होऊ देऊ नये. इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे 'द'. प्रत्येक 'द'ला जीभ बाहेर काढू लागलं तर वाक्याची लय मोडते, कारण हा शब्द इंग्रजीत ओझरता म्हणायचा असतो. क्लासमध्ये जीभ दातांच्या बाहेर लांब काढायला शिकवलेली मुलं बोलताना अडखळतात ती यामुळेच. जिभेचं टोक कडेला लागलं की पुरे.

'थ' सुधारायचा असेल तर 'स' म्हणत म्हणत जीभ हळूहळू पुढे सरकवा. टोक दातांच्या कडेला पोचलं की शीळ मऊ होते आणि हवा पसरते. तिथे थांबा आणि 'री' जोडा, 'इंक' जोडा. हा उच्चार 'थ्री', 'थर्टी', 'थाउजंड', 'थिंक', 'हेल्थ', 'बोथ', 'मंथ' अशा थोड्या शब्दांत बसला की बराच भाग झाला. एक उलटी चूकही लक्षात असू द्यावी. थायलंड, थॉमस, थेम्स यांत आपण 'थ' लिहितो आणि म्हणतो, पण इंग्रजीत तिथे साधा टी आहे. आणि 'क्लोद्स'मधला टी-एच गाळून 'क्लोझ' म्हटलं तरी चालतं, इंग्रज लोकही सर्रास तेच करतात.

परीक्षक काय ऐकतो

आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि ती माणूसच घेतो. गुण चार निकषांवर दिले जातात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चौघांचं वजन सारखं. उच्चाराच्या निकषात एकेका ध्वनीशिवाय शब्दावरचा आघात, वाक्याचा चढउतार, शब्दांचे योग्य गट करणं हेही येतं, आणि या सगळ्यांच्या वर एकच विचार असतो: ऐकणाऱ्याला समजायला किती श्रम पडले. मातृभाषेची ढब असण्याला हरकत नाही. ती समजण्याच्या आड किती येते हे पाहिलं जातं. परिचारिका आणि डॉक्टरांसाठी असलेल्या ओईटीतही एक निकष सुबोधतेचा आहे. तिथे रुग्णाशी बोलण्याचे प्रसंग वठवावे लागतात आणि 'वॉर्ड', 'व्हेन', 'वूंड', 'व्हॉमिट' हे शब्द टाळून चालत नाही.

हे लक्षात घेतलं की क्रम आपोआप ठरतो. ब्रिटिश भाषाभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली एक पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कुठल्या उच्चारांमुळे समजणं बिघडतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. जपलेच पाहिजेत अशा व्यंजनांच्या यादीतून त्यांनी टी-एच वगळला. व्ही आणि डब्ल्यू त्या यादीत आहेत. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले आहेत, आणि परीक्षक जेन्किन्स यांची यादी घेऊन बसत नाही. पण मराठी बोलणाऱ्यापुरतं पाहिलं तर कारण स्पष्ट आहे. टी-एचमध्ये आपण भेद राखतो, फक्त वेगळ्या रीतीने. व्ही आणि डब्ल्यूमध्ये भेदच राखत नाही.

म्हणून तयारीला सहा आठवडे असतील तर मी पहिले चार व्ही आणि डब्ल्यूला देईन. तेही शब्दकोशातल्या जोड्यांपेक्षा स्वतःच्या उत्तरांत हमखास येणाऱ्या शब्दांवर: लिव्ह, वर्क, हॅव्ह, व्हेरी, युनिव्हर्सिटी, व्हिलेज, वीकेंड, ट्वेल्व्ह. पुढचे दोन आठवडे 'थ'च्या सात-आठ शब्दांना. 'विथ' हा शब्द दोन्हींत घ्यावा, त्याच्या सुरुवातीला डब्ल्यू आहे आणि शेवटी टी-एच. गावाचं आणि स्वतःचं नाव मात्र मराठीतच म्हणावं, वर्धा वर्ध्यासारखं आणि विनायक विनायकसारखं. ती विशेषनामं आहेत आणि त्यांचा खरा उच्चार आपलाच आहे.

दर आठवड्याला एक मिनिटाचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि ते ऐकताना एका वेळी एकच गोष्ट मोजावी. आज फक्त व्ही: किती आले, किती ठिकाणी गुणगुण ऐकू आली. सगळ्या चुका एकदम शोधायला बसलं की कान पुन्हा शब्दाच्या अर्थाकडे वळतो आणि ध्वनी निसटतात. चौथ्या आठवड्यात दहांपैकी सात-आठ व्ही आयत्या बोलण्यात घासून येत असतील तर पुढे जायला हरकत नाही. परीक्षेच्या दिवशी एखादा निसटला तर वाक्य तोडून मागे येऊन तो दुरुस्त करू नये. ओघ हा वेगळा निकष आहे, आणि एका 'व'साठी तिथले गुण घालवण्यात शहाणपण नाही.